घटक ५ : दीर्घ रजेचे सूचनापत्र आणि कार्यभाराची बाह्य सूचना

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास पुढील गोष्टी करता येतील :

• कार्यभार-यादी आणि बाहेरच्या व्यक्तींसाठी काढलेले सूचनापत्र यांतील फरक सांगता येईल.
• रजेचा कालावधी संदिग्धता न ठेवता लिहिता येईल.
• ‘कोणाकडे जावे’ हे कामाच्या प्रकारानुसार विभागून सांगता येईल.
• सदोष सूचनापत्रातील भाषिक दोष ओळखून त्याचे पुनर्लेखन करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण रजेच्या अर्जाचा अभ्यास केला. तो अर्ज कर्मचारी आपल्या वरिष्ठांना लिहितो. त्याचा वाचक एकच असतो, त्याला नियम ठाऊक असतात आणि त्याच्याकडून अपेक्षित कृतीही एकच असते : मंजुरी. या घटकात आपण ज्या लेखनप्रकाराकडे वळणार आहोत तो रजा मंजूर झाल्यानंतर सुरू होतो. रजेवर जाणारी व्यक्ती ज्यांच्या रोजच्या व्यवहाराशी बांधलेली आहे, पण जे तिच्या कार्यालयाचे घटक नाहीत, अशा बाहेरच्या लोकांना ‘मी नसताना आपण कोणाकडे जावे’ हे सांगणारा हा मजकूर आहे. त्याला आपण ‘बाह्य सूचनापत्र’ म्हणू.

चार दिवसांच्या किरकोळ रजेसाठी असे पत्र लागत नाही. आलेला माणूस चार दिवस थांबू शकतो. परंतु रजा काही महिन्यांची असते तेव्हा थांबणे हा पर्याय उरत नाही, आणि मजकुरातील एखादा सैल शब्द प्रत्यक्ष नुकसान घडवू शकतो. हे नुकसान कसे घडते ते पाहण्यासाठी आपण या घटकात एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासणार आहोत.

५.२ उदाहरणाची पार्श्वभूमी

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगररांगांत काठी हे गाव आहे. एके काळच्या मेवासी संस्थानाचे हे ठिकाण असून तेथील राजवाडी होळी महाराष्ट्रभर परिचित आहे. गावाचे पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. घरात भिली बोली बोलली जाते. कार्यालयाची भाषा मात्र प्रमाण मराठी. या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी व इतर मजुरीसाठी गुजरातकडे जातात आणि होळीला परत येतात. लेखन-व्यवहाराच्या दृष्टीने या सर्व गोष्टी महत्त्वाच्या आहेत, कारण आपल्या मजकुराचा वाचक कोण, तो केव्हा येणार आणि पुन्हा येऊ शकणार की नाही, हे त्यांवरून ठरते.

आता अशी कल्पना करू की, येथील ग्रामपंचायतीत काम करणाऱ्या एका महिला ग्रामसेवकांना (या पदाला आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे पदनाम आहे) प्रसूती रजा मंजूर झाली आहे. ही व्यक्ती आणि हा प्रसंग कल्पित आहे. नियम मात्र खरे आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ अन्वये प्रसूती रजा १८० दिवसांची असते. रजा सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६ पासून सुरू होते असे मानू.

या पदाकडे येणारे बाहेरचे लोक कोणकोणते? बाळाच्या जन्माची नोंद करण्यासाठी येणारा बाप, दाखला मागणारा विद्यार्थी, देयकाची वाट पाहणारा पुरवठादार, माहिती अधिकाराखाली अर्ज करणारा नागरिक, होळीच्या निमित्ताने परवानगी किंवा माहिती विचारणारा दूरचा पत्रकार. प्रत्येकाचे काम निराळे आहे आणि प्रत्येकाची मुदतही निराळी आहे.

५.३ कार्यभार-यादी आणि बाह्य सूचनापत्र

रजेवर जाताना दोन कागद तयार होतात आणि नवख्या लेखकाकडून त्यांची गल्लत होते.

पहिला कागद म्हणजे कार्यभार-यादी. जन्म-मृत्यू नोंदवही, रोकडवही, पावतीपुस्तके, शिक्के, किल्ल्या, प्रलंबित अर्ज या सर्वांची नोंद करून देणारा आणि घेणारा असे दोघेही त्यावर सही करतात. हा कागद कार्यालयाच्या आत राहतो. ‘काय सोपवले’ हा त्याचा प्रश्न आहे, आणि त्याची रचना वस्तूंच्या क्रमाने होते.

दुसरा कागद म्हणजे बाह्य सूचनापत्र. ‘कोणाकडे जावे’ हा त्याचा प्रश्न आहे, आणि त्याची रचना येणाऱ्याच्या कामाच्या क्रमाने व्हावी लागते. रोकडवही कोणाच्या ताब्यात आहे याच्याशी बाळाच्या बापाला कर्तव्य नसते. त्याला एवढेच हवे असते की, नोंद कोण करील, कोणत्या दिवशी करील आणि कोठे करील.

या दोन्हींच्या आधी एक तिसरी गोष्ट पूर्ण व्हावी लागते, ती म्हणजे प्रभाराचा आदेश. आपल्या जागी कोण काम पाहील हे ग्रामसेवक स्वतः ठरवू शकत नाही. पंचायत समितीकडून तसा आदेश निघावा लागतो. म्हणून क्रम असा ठेवावा : रजामंजुरी, प्रभाराचा आदेश, कार्यभार-यादी, आणि मग सूचनापत्र. आदेश हाती येण्यापूर्वी ‘बहुधा अमुक साहेब पाहतील’ अशा विश्वासावर सूचना लावली आणि आदेशात दुसरेच नाव आले, तर भिंतीवरचा कागद आणि वस्तुस्थिती यांत पहिल्याच दिवशी फारकत होते.

५.४ एक सदोष मसुदा

पुढील मसुदा वाचा. कार्यालयीन मराठीत असा मजकूर आपण अनेकदा पाहिला असेल.

“सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार अपरिहार्य कारणास्तव दि. ९ फेब्रुवारीपासून ७ ऑगस्टपर्यंत रजेवर असल्याने कार्यालयीन कामकाजासाठी पंचायत समितीशी अथवा संबंधित कर्मचाऱ्यांशी संपर्क साधण्यात यावा. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.”

व्याकरणदृष्ट्या या मजकुरात चूक नाही. वाक्ये पूर्ण आहेत, भाषा औपचारिक आहे, शिष्टाचारही पाळला आहे. तरीही तो निकामी आहे. तो कसा, हे एका माणसाच्या पावलांनी चालून पाहू.

समजा, काठीच्या एका पाड्यावर शुक्रवार, ३० जानेवारी २०२६ रोजी घरीच बाळाचा जन्म झाला. जन्म रुग्णालयात झाला असता तर त्याची माहिती देण्याची जबाबदारी तेथील प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर असती. घरी झालेल्या जन्माची माहिती कुटुंबप्रमुखाने निबंधकाला द्यावयाची असते, आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच जन्म-मृत्यू निबंधक असतो. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे ही माहिती २१ दिवसांत द्यावयाची असते. म्हणजे या बाळाच्या बाबतीत शुक्रवार, २० फेब्रुवारीपर्यंत.

बाळाचे वडील बुधवार, ११ फेब्रुवारी रोजी ग्रामपंचायतीत येतात. मुदतीचे नऊ दिवस शिल्लक आहेत. दाराशी लावलेला वरील कागद कोणीतरी त्यांना वाचून दाखवतो. ‘पंचायत समितीशी’ एवढाच शब्द त्यांच्या पकडीत येतो. ते एका दिवसाची मजुरी सोडून घाट उतरून अक्कलकुव्याला जातात. तेथे त्यांना सांगितले जाते की, नोंद गावातच होते, प्रभारी ग्रामसेवकांना भेटा. प्रभारी कोण, केव्हा येतात, हे कागदावर नव्हते. दोन दिवसांनी मुकादमाची गाडी निघते आणि कुटुंब ऊसतोडीला जाते. परत येणे होते ते होळीला, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात.

तोपर्यंत काय झाले? २१ दिवसांनंतर आणि ३० दिवसांच्या आत माहिती दिली तर विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवस १ मार्च रोजी संपले. त्यानंतर आणि एका वर्षाच्या आत नोंद करावयाची असल्यास ठरवून दिलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. जे काम गावात, विनाशुल्क, एका भेटीत झाले असते त्यासाठी आता कागदपत्रे आणि तालुक्या-जिल्ह्याच्या फेऱ्या आल्या. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीसाठी शाळाप्रवेशासारख्या अनेक कामांत जन्मतारीख व जन्मस्थान सिद्ध करण्यास जन्म प्रमाणपत्र हाच पुरावा धरण्याची तरतूद कायद्यात झाली आहे. एका अस्पष्ट वाक्याची किंमत बाळाच्या आयुष्यात पुढे कोठपर्यंत जाते ते यावरून लक्षात यावे.

५.५ दोषांचे विश्लेषण

वरील मसुद्यातील दोष तीन ठिकाणी आहेत. त्यांचा एकेक करून विचार करू.

(अ) कर्ता आणि लक्ष्य यांचा लोप

‘संपर्क साधण्यात यावा’ ही कर्मणी वळणाची विध्यर्थी रचना आहे. कार्यालयीन मराठीला ती प्रिय आहे, कारण तीत कोणावर थेट आज्ञा होत नाही. मात्र या रचनेत कृती करणारा वाक्यातून नाहीसा होतो. मंत्रालयाच्या परिपत्रकात हे चालते. तेथे कर्ता आदेशाच्या शीर्षकातून कळतो. सूचनापत्रात मात्र ‘कोणी’ आणि ‘कोणाशी’ हाच तर आशय आहे. ‘संबंधित’ हा शब्द तर दोन्ही टोकांना वापरला आहे : सर्व संबंधितांनी संबंधित कर्मचाऱ्यांशी. ज्याला संबंध ठाऊक आहे त्यालाच हा शब्द उपयोगी. आणि ज्याला संबंध ठाऊक आहे त्याला सूचनेची गरजच नाही.

यावर उपाय साधा आहे. वाक्य कर्तरी ठेवावे आणि प्रतिनिधीला कर्ता करावे : ‘जन्म-मृत्यूची नोंद प्रभारी ग्रामपंचायत अधिकारी करतील.’ हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा. जेथे लेखी सूचना अनेकांना ऐकूनच कळते, जेथे कोतवाल किंवा आशा कार्यकर्ती ती पाड्यावर आपल्या बोलीत सांगणार असते, तेथे कर्तरी वाक्य जसेच्या तसे दुसऱ्या भाषेत जाते. ‘साधण्यात यावा’ हे भाषांतर करणाऱ्यालाही अडवते.

(आ) ‘पर्यंत’ची संदिग्धता

‘७ ऑगस्टपर्यंत रजेवर’ याचा अर्थ काय? सात तारीख रजेत धरावी की त्या दिवशी बाई भेटतील? मराठीतील ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय सीमा दाखवते. सीमेचा दिवस आत की बाहेर हे ते सांगत नाही. ‘पाचपर्यंत ये’ आणि ‘पाचवीपर्यंत शिकला’ या दोन वाक्यांतील फरक पाहा. दुसऱ्यात पाचवी आत आहे, पहिल्यात पाच वाजणे ही केवळ कड आहे.

म्हणून प्रथम दिवस मोजावेत. ९ फेब्रुवारी हा दिवस धरून फेब्रुवारीचे २०, मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे ३१ मिळून १७३ दिवस होतात. उरलेले ७ दिवस ऑगस्टचे. म्हणजे रजेचा १८०वा आणि शेवटचा दिवस शुक्रवार, ७ ऑगस्ट २०२६. त्यानंतर ८ तारखेला दुसरा शनिवार आणि ९ तारखेला रविवार, ही सुट्टी आहे. त्यामुळे बाई प्रत्यक्ष कार्यालयात भेटतील तो दिवस सोमवार, १० ऑगस्ट. बाहेरच्या माणसाला रजेचा शेवटचा दिवस कळून काही उपयोग नाही. त्याला भेटण्याचा पहिला दिवस हवा. तेव्हा सूचनापत्रात ‘सोमवार, १० ऑगस्ट २०२६ रोजी पुन्हा कामावर रुजू होईन’ असे लिहावे. तारखेसोबत वार द्यावा. वार आणि तारीख जुळत नसतील तर वाचकाला चूक लगेच कळते, म्हणजे वार हा तारखेचा साक्षीदार ठरतो. वर्षही लिहावे, कागद भिंतीवर किती काळ राहील ते आपल्या हाती नसते.

‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ हा प्रयोग शक्यतो टाळावा. रजा वाढण्याची शक्यता असेल तर ज्ञात तारीख लिहून ‘रजा वाढल्यास याच ठिकाणी नवी तारीख लावली जाईल’ असे निराळे वाक्य जोडावे.

(इ) पोहोच आणि अधिकार यांची सरमिसळ

हा दोष सर्वांत खोल आहे. ‘पंचायत समितीशी अथवा कर्मचाऱ्यांशी’ यातील ‘अथवा’ असे सुचवतो की, दोघेही तेच काम करू शकतात. वस्तुतः एखाद्या पदाची कामे तीन थरांत विभागलेली असतात. काही ठिकाणी नुसता कागद स्वीकारणे असते. ते ग्रामपंचायतीचा कर्मचारी रोज करू शकतो. काही ठिकाणी माहिती सांगणे असते. ते सरपंचही करू शकतात. आणि काही ठिकाणी सही लागते. ती ज्याच्याकडे आदेशाने प्रभार आहे त्याचीच चालते. ग्रामनिधीतून पैसे काढण्यास सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या संयुक्त सहीची रीत आहे. प्रभारी अधिकाऱ्याच्या सहीची बँकेत व संगणकीय प्रणालीत नोंद होईपर्यंत देयके पुढे सरकत नाहीत. हे ठाऊक असताना ‘देयकांसाठी कार्यालयात भेटावे’ असे लिहिणे म्हणजे पुरवठादाराला फेरी मारावयास लावणे होय.

दुसरी बाब अशी की, प्रभार बहुधा शेजारच्या गावच्या ग्रामसेवकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून दिला जातो. तो अधिकारी रोज काठीला येत नाही. म्हणून नावापेक्षाही त्याचे येण्याचे वार महत्त्वाचे ठरतात. नाव द्यावे की पदनाम? दोन्ही द्यावीत, पण वाक्याचा आधार पदनामावर ठेवावा. मधल्या काळात प्रभारी बदलले तर नाव खोटे ठरते, पदनाम खरे राहते. माहिती अधिकाराच्या अर्जाबाबत तर हे विशेष लागू आहे. अधिनियम, २००५ प्रमाणे उत्तराची ३० दिवसांची मुदत अधिकारी रजेवर आहे म्हणून थांबत नाही. अर्ज व्यक्तीच्या नावे न पाठवता ‘जन माहिती अधिकारी, ग्रामपंचायत काठी’ असा पदनामानेच पाठवावा, हे सूचनापत्रात सांगितलेले बरे.

५.६ सुधारित मसुदा

वरील विश्लेषण लक्षात घेऊन केलेला मसुदा असा होईल. नावांच्या जागी आपल्या परिचित पद्धतीने अ. ब. क. व क. ख. ग. ही अक्षरे ठेवली आहेत.

ग्रामपंचायत काठी, तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार
दिनांक : २३ जानेवारी २०२६
विषय : ९ फेब्रुवारी ते ७ ऑगस्ट २०२६ या काळात ग्रामपंचायतीच्या कामासाठी कोणास भेटावे

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो,

मी सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६ पासून दीर्घ रजेवर जात आहे. त्याआधी शुक्रवार, ६ फेब्रुवारीपर्यंत, तो दिवस धरून, मी कार्यालयात भेटेन. सोमवार, १० ऑगस्ट २०२६ रोजी पुन्हा कामावर रुजू होईन.

या काळात पंचायत समितीच्या आदेशाने श्री. अ. ब. क. हे प्रभारी ग्रामपंचायत अधिकारी म्हणून काम पाहतील. ते दर मंगळवारी व गुरुवारी सकाळी ११ ते सायंकाळी ५ या वेळात काठी येथील ग्रामपंचायत कार्यालयात बसतील.

१. जन्म किंवा मृत्यूची नोंद : प्रभारी अधिकारी करतील. घरी जन्म झाल्यास २१ दिवसांच्या आत येऊन माहिती द्यावी. गावाबाहेर कामासाठी जाणार असाल तर जाण्यापूर्वी येऊन नोंद करावी. यासाठी तालुक्याला जाण्याची गरज नाही.

२. दाखले : अर्ज कामाच्या कोणत्याही दिवशी ग्रामपंचायतीचे कर्मचारी श्री. क. ख. ग. यांच्याकडे द्यावा व पोच घ्यावी. दाखल्यावर सही प्रभारी अधिकारी मंगळवारी किंवा गुरुवारी करतील.

३. पुरवठादारांची देयके : प्रभारी अधिकाऱ्यांची सही बँकेत नोंदल्यानंतर देयके दिली जातील. नोंद होताच आपणास दूरध्वनीने कळवू. तोपर्यंत त्यासाठी फेरी मारू नये.

४. माहिती अधिकाराचे अर्ज : ‘जन माहिती अधिकारी, ग्रामपंचायत काठी’ या पदनामाने पाठवावेत.

५. होळी उत्सवाविषयी विचारणा : सरपंच, ग्रामपंचायत काठी यांच्याकडे करावी.

माझ्याकडे दिलेले जे अर्ज अपुरे राहिले आहेत त्यांची यादी मी प्रभारी अधिकाऱ्यांना दिली आहे. आपणास पुन्हा अर्ज करावा लागणार नाही.

आपली,
ग्रामपंचायत अधिकारी, काठी

या मसुद्यातील चार बाबींकडे लक्ष द्यावे. विषयाच्या ओळीत ‘रजेबाबत’ असे न लिहिता वाचकाचा प्रश्न लिहिला आहे. रजेचे कारण दिलेले नाही. ते वरिष्ठांना कळलेले आहे आणि गावाच्या भिंतीवर त्याचे प्रयोजन नाही. ‘अपरिहार्य कारणास्तव’ हेही गाळले आहे, कारण त्याने माहिती मिळत नाही, केवळ कुतूहल वाढते. शेवटच्या परिच्छेदात अपुऱ्या अर्जांचा उल्लेख आहे. तो नसता तर जुने अर्जदार नवा अर्ज करते आणि एकाच कामाच्या दोन नोंदी होत्या. आणि दिलगिरीचे वाक्य नाही, कारण गैरसोय टाळण्याची व्यवस्था वर सांगून झाली आहे.

आता पुन्हा त्या बापाकडे या. बुधवार, ११ फेब्रुवारी रोजी तो येतो. कागद सांगतो : उद्या गुरुवार, प्रभारी अधिकारी येथेच बसतील. १२ तारखेला नोंद होते. मुदतीला आठ दिवस बाकी असतात, आणि कुटुंब नोंद करून ऊसतोडीला निघते.

५.७ माध्यमानुसार बदल

तोच आशय वेगवेगळ्या माध्यमांत वेगळी लांबी घेतो. भ्रमणध्वनीवरील संदेशात वरील पाचही बाबी घालू नयेत. संदेश ज्या गटाला जाणार आहे त्याचीच बाब ठेवावी. आशा कार्यकर्तींना पाठवावयाचा संदेश एवढाच असेल : ‘९ फेब्रुवारीपासून काठी ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंद दर मंगळवारी व गुरुवारी होईल. नोंद श्री. अ. ब. क. करतील. घरी जन्म झाल्यास २१ दिवसांच्या आत कुटुंबाला पाठवावे.’

ई-मेलवर स्वयंचलित उत्तराची सोय असते. जीमेलमध्ये असे उत्तर एकाच व्यक्तीला साधारण चार दिवसांत एकदाच जाते, आणि शेवटची तारीख घातली नाही तर आपण बंद करेपर्यंत ते जातच राहते. रुजू झाल्यावरही ‘मी रजेवर आहे’ असे उत्तर लोकांना मिळत राहण्याचे हे नेहमीचे कारण आहे. दुसरी मर्यादा अशी की, स्वयंचलित उत्तर केवळ कोठे लिहावे ते सांगते. आलेले पत्र प्रभारी अधिकाऱ्याकडे पोहोचवत नाही. म्हणून त्यात ‘हे पत्र पुढे पाठवले गेलेले नाही, कृपया पुढील पत्त्यावर पुन्हा पाठवावे’ असे स्पष्ट वाक्य हवे. ‘आपले पत्र मिळाले’ एवढेच वाचून समोरचा निश्चिंत होतो आणि त्याची मुदत निघून जाते.

सूचना केव्हा द्यावी? मुदतीची कामे ज्यांची अर्धवट आहेत त्यांना स्वतंत्रपणे व आधी कळवावे. सार्वजनिक सूचना साधारण दोन आठवडे अगोदर लावावी. वरील मसुद्यावर २३ जानेवारी ही तारीख त्यामुळेच आहे. रुजू झाल्यावर जुना कागद काढून ‘मी १० ऑगस्टपासून रुजू झाले आहे, मंगळवार-गुरुवारची व्यवस्था संपली आहे’ अशी दोन ओळींची सूचना लावावी. ती लावल्यावरच हे लेखनकार्य पूर्ण होते.

५.८ सारांश

बाह्य सूचनापत्र प्रभाराच्या आदेशानंतर काढले जाते आणि ते येणाऱ्याच्या कामाच्या क्रमाने रचले जाते. त्यात भेटण्याचा शेवटचा व पुन्हा भेटण्याचा पहिला दिवस वारासह द्यावा. कागद कोण स्वीकारील आणि सही कोण करील हे निरनिराळे सांगावे. कर्मणी रचना आणि ‘संबंधित’ यांसारखे शब्द टाळून प्रतिनिधीला वाक्याचा कर्ता करावे.

५.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. एका मुख्याध्यापकांची ४५ दिवसांची रजा १ जून २०२६ रोजी सुरू होते. रजेचा शेवटचा दिवस आणि रुजू होण्याचा दिवस वारासह लिहा.

२. ‘दाखल्यांसाठी संबंधितांशी संपर्क साधण्यात यावा’ या वाक्याचे कर्तरी रचनेत पुनर्लेखन करा. पोहोच आणि अधिकार यांतील भेद त्यात दिसला पाहिजे.

३. आपल्या गावातील टपाल कार्यालय, अंगणवाडी किंवा सेवा सहकारी संस्था यांपैकी एक निवडा. तेथील प्रमुख तीन महिने रजेवर आहेत असे मानून, बाहेरून येणाऱ्यांच्या कामांची यादी करा आणि प्रत्येक कामापुढे त्याची मुदत लिहा. त्या यादीवरून सूचनापत्र तयार करा.

प्रश्न १ चे उत्तर : जूनचे ३० आणि जुलैचे १५ मिळून ४५ दिवस होतात. शेवटचा दिवस बुधवार, १५ जुलै २०२६. रुजू होण्याचा दिवस गुरुवार, १६ जुलै २०२६.

प्रश्न २ चे नमुना उत्तर : ‘दाखल्याचा अर्ज कार्यालयातील लिपिक रोज स्वीकारतील व पोच देतील, दाखल्यावर प्रभारी मुख्याध्यापक दर सोमवारी सही करतील.’

प्रश्न ३ साठी सूचना : लिहून झालेले पत्र घरातील अशा व्यक्तीला वाचून दाखवा जिला त्या कार्यालयाची माहिती नाही. ‘मग मी कोणत्या दिवशी, कोणाकडे जाऊ?’ असा प्रश्न तिने विचारला, तर ज्या वाक्यानंतर तो विचारला ते वाक्य पुन्हा लिहा.